निरोधक, आलेख आणि एका नावाचा घोळ

एन्झाइम सबस्ट्रेटला, म्हणजे ज्या पदार्थावर तो काम करतो त्याला, घट्ट धरून ठेवतो आणि म्हणून अभिक्रिया वेगाने होते, ही समजूत अर्धवट आहे. नुसत्या सबस्ट्रेटलाच घट्ट धरले तर ते जास्त स्थिर होते आणि ऊर्जेचा पुढचा चढ उलट वाढतो. १९४०च्या दशकात मांडणी स्पष्ट झाली की, एन्झाइमची पकड सर्वाधिक घट्ट असते ती अभिक्रियेच्या मधल्या, क्षणभंगुर संक्रमण अवस्थेवर. तिची ऊर्जा खाली येते, म्हणून सक्रियण ऊर्जा घटते. २५ अंश सेल्सिअसला ती साधारण ५.७ किलोज्यूल प्रति मोलने कमी झाली की वेग दहापट होतो. समतोल मात्र बदलत नाही.

एन्झाइमला अडवणे म्हणजे निरोधन. त्याचे ठळक उदाहरण १९२०च्या दशकाच्या अखेरीचे, सक्सिनेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमचे. मॅलोनेटची ठेवण सक्सिनेटसारखीच, पण त्यात एक कार्बन कमी. एन्झाइम सक्सिनेटच्या मधल्या दोन्ही कार्बनांवरून एकेक हायड्रोजन काढतो, मॅलोनेटमध्ये मधला कार्बन एकच असल्याने ते सक्रिय जागेत नुसते बसून राहते. सक्सिनेट वाढवले की मॅलोनेट बाजूला सारले जाते. म्हणून अशा स्पर्धात्मक निरोधनात Km, म्हणजे निम्म्या कमाल वेगाला लागणारी सबस्ट्रेटची मात्रा, वाढलेला दिसतो, Vmax, म्हणजे कमाल वेग, तसाच राहतो.

अस्पर्धात्मक निरोधकाची गोष्ट गुंतागुंतीची. तो दुसऱ्या जागी बसतो, मोकळ्या एन्झाइमवरही आणि सबस्ट्रेट धरलेल्यावरही, तेही सारख्याच पकडीने. म्हणून Vmax घटतो, Km बदलत नाही. समजा Km २ मिलिमोलर आहे, Vmax १०० एकक आणि निरोधक त्याच्या Ki इतकाच, म्हणजे सबस्ट्रेट नसताना निम्मा एन्झाइम धरेल इतका. खाली [S] ही सबस्ट्रेटची मिलिमोलर मात्रा, बाकी आकडे वेगाचे:

```
[S]   निरोधकाविना   स्पर्धात्मक   अस्पर्धात्मक
 २        ५०           ३३           २५
२०        ९१           ८३           ४५
```

सबस्ट्रेट दहापट केल्यावर पहिला अडथळा जवळजवळ निघून गेला, दुसऱ्यात निम्मा वेग कायमचा गेला.

अडचण अशी की ही सारखी पकड प्रत्यक्षात क्वचितच आढळते. दोन्ही पकडी वेगळ्या असतील तर Km सुद्धा हलतो. १९६३ साली सुचवलेल्या नामकरणात अशा मिश्र प्रकारालाही ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’च म्हटले गेले, पाठ्यपुस्तके मात्र हा शब्द बहुतेक फक्त सारख्या पकडीसाठी वापरत राहिली. त्यामुळे एकाच शब्दाखाली दोन वेगळे आलेख सापडतात. १९३४पासून प्रचलित दुहेरी व्यस्त आलेखावर, म्हणजे १/सबस्ट्रेट आडवे आणि १/वेग उभे मांडलेल्या आलेखावर, निरोधकासह आणि त्याविना आलेल्या रेषा आडव्या अक्षावर भेटल्या तर शुद्ध अस्पर्धात्मक, उभ्या अक्षावर भेटल्या तर स्पर्धात्मक, दोहोंवर नाहीत आणि समांतरही नाहीत तर मिश्र. कमी सबस्ट्रेटचे बिंदू या आलेखात टोकाला जातात, मापनातली छोटी चूकही तिथे रेषा वळवते, आणि मग छेदबिंदूवरून निदान करणे धोक्याचे. वक्र थेट मूळ आकड्यांवर बसवणे जास्त बरे.

याहून मोठा चकवा म्हणजे सहसंयुज बंधाने कायमचा चिकटणारा निरोधक. तो काही एन्झाइमच निकामी करतो, त्यामुळे Vmax घटतो, Km तसाच दिसतो आणि आलेख शुद्ध अस्पर्धात्मकाचा वाटतो. एन्झाइम निरोधकासह काही वेळ ठेवून मग भरपूर विरळ करावा. वेग परत आला तर बंधन सैल आहे, नाही आला तर तो कायमचा चिकटलेला असण्याची शक्यता मोठी.