टीझर आणि आमंत्रण: कॉलेज बँडच्या कार्यक्रमाचा मेसेज नव्याने लिहिताना

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या बँडने कार्यक्रमाआधी ग्रुपवर टाकायला हा मजकूर तयार केला होता:

“तयार आहात ना??? कोकणचा आवाज पुन्हा घुमणार!!! कधीच न अनुभवलेला माहोल, यंदाची सर्वांत धमाकेदार रात्र! या शनिवारी संध्याकाळी आपल्याच कॉलेजमध्ये. एन्ट्री फ्री! लिमिटेड सीट्स! चुकवलंत तर पस्तावाल!!!”

सांस्कृतिक विभागाने तो बाजूला ठेवला आणि नेहमीच्या पद्धतीने लिहिलं: “सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, दि. १६ जानेवारी रोजी सायं. ६ वा. महाविद्यालयाच्या मैदानावर वाद्यवृंदाचा कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.”

बँडला वाटलं, जोश गेला. विभागाला वाटलं, माहिती आली. मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. पहिल्या मजकुरात आवाज चढलेला आहे, पण बँड काय वाजवणार याचा पत्ता नाही. दुसऱ्यात तारीख आली, पण प्रवेशाबद्दल अक्षर नाही, आणि सहा वाजता गेट उघडणार की पहिलं गाणं सुरू होणार, तेही कळत नाही.

गोंधळाचं मूळ असं की बँडने टीझर लिहिला आणि तो आमंत्रण म्हणून पाठवायला घेतला. दोन्ही छोटे असतात, दोन्ही उत्साहाने लिहिले जातात, म्हणून एकच वाटतात. टीझर मुद्दाम काहीतरी झाकून ठेवतो. तो वाचून “काय असेल बरं?” असं मनात आलं की त्याचं काम झालं. आमंत्रण वाचून मात्र माणसाने “कोणाबरोबर जाऊ, घरून कधी निघू?” इथवर यायला हवं. दहा दिवस आधी तालमीतला पंधरा सेकंदांचा तुकडा आणि खाली फक्त तारीख, हा उत्तम टीझर. कार्यक्रम चार दिवसांवर आला असताना तसंच काही पाठवलं, तर लोक हृदयाचं चिन्ह टाकतात आणि घरी बसतात.

आता जोशाकडे बघू. एक सोपी परीक्षा आहे: बँडचं नाव झाकायचं आणि त्या जागी शेजारच्या कॉलेजच्या डीजे नाइटचं नाव घालायचं. वाक्य तसंच चाललं, तर त्यात या बँडचा जोश नाही. “धमाकेदार”, “न अनुभवलेला माहोल”, “पस्तावाल” हे सगळं डीजेलाही चालतं, दांडियालाही चालतं. मी मुलांना विचारलं, तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्यांकडे नाही? ड्रम वाजवणारा मुलगा सहज म्हणाला, “मॅडम, सुरुवातीलाच माझा काका मृदंग घेऊन येणारे. जाखडीचा ठेका तो धरतो, मग त्यावर मी ड्रम सुरू करतो.” जाखडी म्हणजे कोकणातलं लोकनृत्य; रत्नागिरीकडच्या माणसाला त्याचं नाव घेतलं की मृदंग, झांज आणि घुंगरं आपोआप ऐकू येतात. मेसेजचं पहिलं वाक्य त्याने बोलता बोलता देऊन टाकलं होतं. उद्गारचिन्हाची गरजच उरली नाही.

गायिकेची शंका वेगळी होती: “वेळ, गेट, पास असं सगळं लिहिलं की लग्नपत्रिकेसारखं दिसतं.” तसं होतं ते भाषेमुळे. “आयोजित करण्यात आला आहे” मध्ये कोणीच काही करत नाही. “साडेपाचला गेट उघडेल, सव्वासहाला पहिलं गाणं” यात गोष्टी घडताना दिसतात, आणि माहितीही तीच आहे.

वेळेच्या तीन गोष्टी असतात: गेट, सुरुवात, शेवट. शेवटची वेळ लिहायचं बहुतेक जण विसरतात, आणि आपल्याकडे नेमकी तीच सगळ्यांत जास्त विचारली जाते. पावस किंवा जयगडच्या बाजूने येणाऱ्या मुलीच्या घरी पहिला प्रश्न असतो, “परत कशी येणार?” शेवटची एसटी, हॉस्टेलचं फाटक, घ्यायला येणारा भाऊ, सगळं त्या एका वेळेवर ठरतं. ती लिहिली नाही तर परवानगीच मिळत नाही. शिवाय उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. काही ठरावीक दिवसांना राज्य सरकार सवलत देतं, पण कॉलेजचा साधा शनिवार त्यात धरून चालू नये. सहाचं सांगून साडेसातला सुरू केलं, तर शेवटची गाणीच कापली जातात. म्हणून मेसेजात जी सुरुवातीची वेळ लिहाल, ती साउंड चेक धरून खरी असू द्या.

प्रवेशाचं सगळ्यांत अवघड. “एन्ट्री फ्री” आणि “सर्वांना प्रवेश” या दोन गोष्टी सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. पहिली पैशांबद्दल आहे, दुसरी माणसांबद्दल. कार्यक्रम मोफत असून फक्त कॉलेजच्या मुलांसाठी असू शकतो, किंवा गावाला खुला असून तिकीट असू शकतं. त्यात “लिमिटेड सीट्स” जोडलं की तिसरा प्रश्न उभा राहतो: आधी पास घ्यायचा का? मी हे विचारलं तेव्हा बँड आणि विभाग एकमेकांकडे बघायला लागले, कारण बाहेरच्यांना घ्यायचं की नाही हे ठरलेलंच नव्हतं. मजकूर धूसर असतो तेव्हा बऱ्याचदा मागचा निर्णयच झालेला नसतो, आणि तो चांगल्या शब्दांनी झाकता येत नाही. आधी ठरवून घेतलं, मग लिहिलं:

*शनिवार, १६ जानेवारी, संध्याकाळी ६.१५: मृदंग आणि ड्रम, एकाच ठेक्यावर*
जाखडीच्या ठेक्याने सुरुवात, मग आमची स्वतःची पाच गाणी. शेवटचं गाणं अजून कोणीच ऐकलेलं नाही.
कॉलेजचं मैदान, रत्नागिरी. मागच्या गेटने या.
५.३० ला गेट उघडेल. ८.४५ ला कार्यक्रम संपेल.
प्रवेश मोफत, सगळ्यांना. पास लागत नाही. कॉलेजच्या मुलांनी ओळखपत्र आणावं.
खुर्च्या ३००. त्या भरल्या की मागे उभं राहायला जागा आहे.

बघा, “या शनिवारी” गेलं. मेसेज पुढच्या आठवड्यातही फिरत राहतो, तेव्हा “या” कुठला ते कळत नाही. वार आणि तारीख दोन्ही ठेवले, म्हणजे एक चुकला तर दुसऱ्यावरून लक्षात येतं. “आपल्याच कॉलेजमध्ये” बाहेरच्याला निरुपयोगी होतं. पहिली ओळ * चिन्हांमध्ये ठेवली, म्हणजे व्हॉट्सॲपवर ती ठळक दिसते. नोटिफिकेशनमध्ये आधी तीच दिसते, म्हणून वेगळेपण आणि वेळ दोन्ही तिच्यात बसवले. टीझरची एक चव मात्र राखली आहे: शेवटचं गाणं कुठलं, ते सांगितलेलं नाही. गाणं लपवलं तर उत्सुकता वाढते, गेटची वेळ लपवली तर माणूस येत नाही.

पोस्टर केलंत तरी हा मजकूर त्याखाली अक्षरांत टाका. नुसतं चित्र दोन दिवसांनी ग्रुपवर शोधता येत नाही.

पाठवण्याआधी कॉलेजबाहेरच्या कोणालातरी एकदा वाचायला द्या आणि विचारा, “तू घरून किती वाजता निघशील?” उत्तर देताना तो अडखळला, तर जिथे अडखळला तीच ओळ दुरुस्त करायची.

आणि वेळ बदललीच, तर “वेळ बदलली आहे, नोंद घ्यावी” असा एकोळी मेसेज पाठवू नका. जुना मेसेज फिरतच राहतो आणि कुठला खरा ते कळत नाही. पूर्ण आमंत्रण पुन्हा पाठवा, आणि पहिल्या ओळीत लिहा: “बदललेली वेळ, १४ जानेवारीला पाठवलेला मेसेज.”