विक्रीचा छोटा ईमेल : एक अडचण, एक दाखला, एक विचारणा

अनोळखी ग्राहकाला पाठवायच्या पहिल्या ईमेलची ही एक मांडणी आहे. ग्राहकाची एकच अडचण, ती सुटल्याचा एकच दाखला आणि शेवटी एकच विचारणा, एवढेच त्यात असते. सगळा मजकूर मोबाइलवर फारसा न सरकवता वाचून व्हावा, इतका.

कारखान्यांत यंत्रांसाठी हवा दाबून भरणारा कंप्रेसर असतो; तो हवा भरत असतो, तेव्हा 'लोडवर' असतो. समजा, अशा दाबाच्या हवेची गळती शोधून देणारा एक व्यावसायिक मेंटेनन्स मॅनेजरला लिहितो आहे :

विषय : सुट्टीच्या दिवशी चालणारा कंप्रेसर

"नमस्कार साहेब, सगळी मशिन बंद असतानाही तुमचा कंप्रेसर मधूनमधून लोड घेत असेल, तर ती हवा गळतीतून जाते आहे. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये आम्ही हेच मोजलं. तिथे कंप्रेसर दर ८ मिनिटांपैकी २ मिनिटं लोडवर होता, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा वाया जात होती. कपलिंग आणि होज बदलल्यावर हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. येत्या रविवारी ही मोजणी करायला दोन तास येऊ का?"

यातली अडचण 'असेल, तर' अशी मांडली आहे, ती केवळ नम्रता म्हणून नव्हे. बाहेरच्या माणसाला आतले काही ठाऊक नसते. पण मॅनेजर कंप्रेसरजवळ घड्याळ घेऊन उभा राहिला, तर दहा मिनिटांत स्वतः खात्री करू शकतो. 'तुमचे वीजबिल कमी करू' या वाक्याची अशी पडताळणी होत नाही, म्हणून ते वाचले न वाचल्यासारखे होते.

दाखला त्याच अडचणीचा हवा, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वीस वर्षांचा अनुभव, आयएसओ प्रमाणपत्र, ग्राहकांची लांबलचक यादी यांतून गळतीबद्दल काहीच कळत नाही. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि मध्ये काय केले, एवढे पुरते. ग्राहकाचे नाव सांगायची परवानगी नसेल, तर कारखान्याचा प्रकार लिहावा. मात्र आकडा खरोखर मोजलेलाच हवा, कारण पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

विचारणेला 'हो, या' एवढ्या दोन शब्दांत उत्तर देता यायला हवे. तिच्याच शेजारी 'ब्रोशर जोडले आहे, डेमो ठरवू, फोनही करा' असे लिहिले, की वाचणारा सगळेच उद्यावर ढकलतो. 'ब्रोशर पाठवा' असे उत्तर आले, तर तो बहुतेक वेळा सभ्य नकार असतो. 'रविवारी प्लांट चालूच असतो' हे उत्तर मात्र चांगले. अडचण पटली आहे, फक्त वार बदलायचा आहे.

चुकीच्या माणसाकडे गेलेला ईमेल या मांडणीने सावरत नाही. गळतीची तळमळ मेंटेनन्सला असते. खरेदी विभाग तेच वाचून सरळ 'रेट कळवा' म्हणतो. शिवाय हवेच्या मागणीप्रमाणे वेग बदलणारा कंप्रेसर असेल, तर लोड-अनलोडची ही मोजणी लागूच पडत नाही आणि अडचणीचे वाक्यच नव्याने लिहावे लागते.