घोडा कोलकात्याचा, पोर बोर्दोची: सरकारवर दावा लावायचा कुठे?

समजा, गिरणेच्या कालव्याची पाटचारी रात्रीतून फुटली आणि खालच्या अंगाच्या केळीच्या बागेत पाणी शिरलं. भडगाव-पाचोऱ्याकडचा शेतकरी आधी तलाठ्याकडून पंचनामा करून घेईल, मग पाटबंधारे खात्यात अर्ज देईल. तिथे काही हाती लागलं नाही की वकील गाठेल. वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली नोटीस काढेल, दोन महिने थांबेल आणि वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लावेल. त्याच न्यायाधीशासमोर भाऊबंदांच्या वाटणीचे दावेही चालतात. सरकार प्रतिवादी आहे म्हणून कोर्ट वेगळं होत नाही.

हाच शेतकरी फ्रान्समध्ये असता तर दिवाणी न्यायाधीशाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. सरकारी बांधकामामुळे झालेलं नुकसान तिथे प्रशासकीय न्यायालयाचं काम असतं. हा फरक कुठून आला, ते दोन अपघातांवरून नीट कळतं. दोन्ही सरकारी कामातले, दोन्ही कामगारांच्या निष्काळजीपणाचे.

पहिला अपघात कोलकात्याचा. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत काही कामगार बोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक जड तुकडा रस्त्यावरून उचलून नेत होते. मागून पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी आली. बाजूला व्हायच्या घाईत कामगारांनी लोखंड खाली टाकलं. आवाजाने घोडा बिथरला, पुढे धावला आणि त्याच लोखंडावर आदळून जखमी झाला. कंपनीने मागितले ३५० रुपये. सरकारवर असा दावा चालतो का, हा प्रश्न कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेला आणि १८६१ मध्ये मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने उत्तर दिलं: चालतो.

त्यामागचं कारण अस्सल हिंदुस्थानी आहे. इंग्लंडमध्ये ‘राजा चूक करूच शकत नाही’ हे तत्त्व होतं, त्यामुळे तिथे अशा नुकसानीसाठी राजसत्तेवर दावाच लावता येत नसे. इथे मात्र आधी ईस्ट इंडिया कंपनी होती. ती राज्य करत होती आणि व्यापारही, म्हणून तिच्यावर दावा लागत असे. १८५८ च्या कायद्याने कंपनीची ही जबाबदारी भारतमंत्र्याकडे आली. गोदी चालवणं हे कुणीही खासगी माणूस करू शकेल असं काम आहे, तेव्हा नुकसान भरून द्या, असं न्यायालय म्हणालं. पण जाताजाता एक पाचर मारून ठेवली: जी कामं फक्त सार्वभौम सत्ताच करू शकते, त्यांच्याबाबत जबाबदारी नाही. ही पाचर पुढे फार खोल गेली.

दुसरा अपघात १८७१ चा, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला. सरकारी तंबाखू कारखान्याच्या कामगारांनी ढकललेल्या गाडीखाली आन्येस ब्लांको ही पाच वर्षांची मुलगी सापडली. तिच्या वडिलांनी साध्या दिवाणी न्यायालयात राज्यावर दावा लावला. नागरी संहितेत ‘ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याने ते भरून द्यावं’ हा नियम होताच. पण सरकारी बाजूने आक्षेप आला की हे प्रकरण या न्यायालयाचं नाहीच.

त्या आक्षेपाचं मूळ राज्यक्रांतीत होतं. क्रांतीपूर्वी फ्रान्समधली वरिष्ठ न्यायालयं राजाच्या सुधारणा अडवून धरत. क्रांतिकारकांना त्यांची धास्ती होती. म्हणून ऑगस्ट १७९० च्या कायद्याने न्यायाधीशांना प्रशासनाच्या कामात ढवळाढवळ करायला मनाई केली. मग प्रशासनाविरुद्धची तक्रार ऐकायची कुणी? प्रशासनानेच. १७९९ मध्ये नेपोलियनच्या राज्यघटनेने कॉन्सेय द एता, म्हणजे राज्य परिषद, स्थापन केली. ती सरकारला सल्ला देई आणि तक्रारींवर मतही देई, पण निकाल निघे तो राज्यप्रमुखाच्या नावाने. आपल्याकडे तलाठ्याच्या फेरफारावर प्रांतांकडे, तिथून वर, असं महसूल खात्यातच अपील चढत जातं. साधारण तसाच तो मामला होता. १८७२ च्या कायद्याने परिषदेला स्वतःच्या अधिकारात निकाल द्यायची मुभा मिळाली, आणि खटला कोणत्या दाराचा हे ठरवायला एक तंटा न्यायाधिकरणही पुन्हा उभं राहिलं.

ब्लांकोचं प्रकरण त्याच न्यायाधिकरणापुढे आलं. मतं समसमान पडली, तेव्हा न्यायमंत्री द्युफोर यांनी निर्णायक मत दिलं. ८ फेब्रुवारी १८७३ च्या निकालात म्हटलं की राज्याची जबाबदारी माणसामाणसांतल्या नागरी संहितेने मोजता येत नाही, तिचे नियम वेगळे आणि तिचं न्यायालयही वेगळं.

हे वाचून इंग्रज पंडित डायसी यांच्यासारख्यांनी नाक मुरडलं. १८८५ मध्ये त्यांनी मांडलं की मंत्री असो की शिपाई, सगळे एकाच कायद्याखाली, एकाच न्यायालयात उभे राहतात, हीच खरी कायद्याची सत्ता. ऐकायला छान. पण त्यांच्याच देशात नुकसानीसाठी थेट राजसत्तेवर दावा लावण्याची वाट १९४७ च्या कायद्याने खुली झाली. तोवर चूक करणाऱ्या नोकराला वैयक्तिक धरावं लागे. फ्रान्समध्ये मात्र वेगळ्या न्यायालयाने हळूहळू राज्यावर खासगी माणसापेक्षाही जास्त भार टाकला. सरकारी कालव्यासारख्या बांधकामाने तिऱ्हाइताचं अपघाती नुकसान केलं, तर तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही. बांधकाम आणि नुकसान यांचा संबंध दाखवला की पुरे.

दोन दारांचा त्रासही आहेच. रोझे नावाचा गृहस्थ खासगी मोटारीतून जाताना लष्करी वाहनाशी टक्कर होऊन जखमी झाला. दिवाणी न्यायालय म्हणालं, चूक लष्करी चालकाची. प्रशासकीय न्यायालय म्हणालं, चूक खासगी चालकाची. दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत. शेवटी १९३२ मध्ये खास कायदा करून अशा प्रकरणाचा मूळ निकालच तंटा न्यायाधिकरणाने द्यावा असं ठरलं, आणि १९३३ मध्ये रोझेचा प्रश्न सुटला. ३१ डिसेंबर १९५७ च्या कायद्याने तर वाहनांच्या अपघातांचे सगळे दावे दिवाणी न्यायालयांकडे दिले. म्हणजे आन्येसचा अपघात आज झाला असता, तर तिच्या वडिलांनी निवडलेलं दारच बरोबर ठरलं असतं!

आपल्याकडची पाचर उघडी पडली ती १९६४ मध्ये. मेरठच्या पोलिसांनी कस्तुरीलाल नावाच्या पेढीच्या भागीदाराकडून सोनं जप्त केलं होतं. मालखान्याचा हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला, तरी जप्ती हे सार्वभौम काम म्हणून सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने भरपाई नाकारली. संसदेने यावर कायदा करावा असंही सुचवलं. तो झालेला नाही. पुढच्या निकालांनी या तत्त्वाची धार बरीच बोथट केली, एवढंच.

आपल्या केळीवाल्याला उपयोगाचा निकालही त्याच वर्षीचा, त्याच न्यायालयाचा आहे. पंजाबात कालवा फुटून एका पेढीच्या शेतात पाणी शिरलं होतं. न्यायालयाने म्हटलं की नीट निगा राखलेला कालवा सहसा फुटत नाही, तेव्हा फुटणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा. खात्याने निगराणीची कागदपत्रं हजर केली नव्हती, तेही त्याच्या विरोधात गेलं. म्हणून पंचनाम्याबरोबर पाटचारीच्या दुरुस्तीचं दप्तर माहिती अधिकारात मागून घ्यावं, आणि ते नोटीस काढायच्या आधीच मागावं.