मे महिन्यातले वादळ आणि शीत आघाडी: एक खुलासा

“नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी वादळ होऊन एकदम गारवा येतो, ती शीत आघाडीच ना?”

नाही. पावसाच्या थेंबांच्या बाष्पीभवनाने थंड झालेली हवा गडगडाटी ढगाखालून कोसळून जमिनीवर पसरते, म्हणून तो गारवा येतो. दुसऱ्या दुपारी पारा बहुधा पुन्हा चढतो.

आघाडी म्हणजे तापमान आणि ओलावा वेगळा असलेल्या हवेच्या दोन प्रचंड राशींमधली शेकडो किलोमीटर लांबीची सीमा, आणि तिचे ठळक रूप युरोपसारख्या मध्य अक्षवृत्तांच्या प्रदेशात दिसते. उष्ण आघाडीत गरम हवा थंड हवेवर अगदी मंद उतारावरून चढते, त्यामुळे आधी पिसांसारखे उंचावरचे सिरस ढग, मग सूर्याभोवती खळे पाडणारा पातळ थर, नंतर दाट होत जाणारा करडा पडदा आणि शेवटी तासन्‌तास चालणारी संततधार, असा क्रम बहुधा दिसतो. आघाडी सरकली की पाऊस ओसरतो, ऊब वाढते आणि उत्तर गोलार्धात आग्नेयेचा वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो.

शीत आघाडीत थंड हवा गरम हवेखाली घुसते आणि उतार तीव्र असल्याने गरम हवा झपाट्याने वर ढकलली जाते: क्युम्युलोनिंबस म्हणजे उंच गडगडाटी ढग, अरुंद पट्ट्यात जोराची सर, सोसाट्याचा वारा. नैर्ऋत्येचा वारा वायव्येकडून वाहू लागतो, वायुभार चढतो आणि नवी थंड, कोरडी हवा पुढेही टिकते. आपल्या वादळानंतर नेमके हेच टिकणे नसते.