चार ठिपके आणि भोवतीची धूळ: क्यूपीएसकेच्या कॉन्स्टलेशन डायग्रामची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये कुठल्याही गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री पाहा, तिचं तोंड आग्नेयेला असतं. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपण जेमतेम ७३.८ वर, म्हणून दिशा उत्तरेपासून साधारण १३४ अंश आणि क्षितिजापासून उंची ५८ अंशांच्या आसपास येते. पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत धरले, तर पंचवटीतल्या छत्रीकडे येणारी लहर आग्नेयेकडच्या तीनेक किलोमीटरच्या पट्ट्यावरचा पाऊस कापत येते. त्यामुळे आपल्या डोक्यावर उघडीप असतानाही चित्राचे चौकोन होऊ शकतात.

छत्री लावणाऱ्याकडे जरा भारीतला मीटर असेल, तर अशा वेळी त्याच्या पडद्यावर चार पुंजके दिसतात. उघडीप असली की ते आवळलेले असतात, सर आली की फुगतात. या चित्राला कॉन्स्टलेशन डायग्राम म्हणतात. ते मीटरवाल्यांनी काढलेलं नाही, त्याच्यामागे शंभरेक वर्षांचा विचार आहे.

सुरुवात नॉईजपासून झाली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सनने मोजून दाखवलं, की साध्या रेझिस्टरमधूनही सतत एक खरखर निघते आणि ती तापमानाबरोबर वाढते. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये तिचं गणित मांडलं. म्हणजे रिसीव्हर कितीही चांगला बांधला तरी हा नॉईज राहणारच. तो टाळता येत नसेल, तर त्याच्यासकट निर्णय कसा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघालं. मॉस्कोत व्लादिमीर कोतेल्निकोव्हने १९४७ च्या प्रबंधात आणि अमेरिकेत क्लॉड शॅननने १९४९ च्या लेखात सिग्नलकडे भूमितीच्या नजरेने पाहिलं: पाठवता येण्याजोगा प्रत्येक सिग्नल म्हणजे अवकाशातला एक बिंदू, आणि नॉईज म्हणजे त्या बिंदूला कुठल्याही दिशेने बसणारा धक्का. रिसीव्हरने एवढंच करायचं, की हाती आलेला बिंदू कोणत्या मूळ बिंदूच्या सर्वांत जवळ आहे ते पाहायचं. शॅननचं नाव सगळ्यांना माहीत असतं. कोतेल्निकोव्हचं पुस्तक इंग्रजीत १९५९ ला आलं, तोवर श्रेय वाटून झालं होतं.

क्यूपीएसके ही छत्रीकडे येणाऱ्या लहरीवर बिट चढवण्याची पद्धत. तिच्यात हे अवकाश कागदावर मावतं, कारण त्याला दोनच अक्ष आहेत. एकाच वारंवारतेच्या दोन लहरी घ्यायच्या, दुसरी पहिलीच्या पाव आवर्तन मागे. पहिलीची मात्रा आडव्या अक्षावर, दुसरीची उभ्यावर. दोन्हींना फक्त अधिक एक किंवा उणे एक हीच किंमत द्यायची, की चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार बिंदू मिळतात. प्रत्येक कोपरा म्हणजे एक सिम्बॉल, आणि एका सिम्बॉलमध्ये दोन बिट. मीटरवर सिम्बॉल रेट हजारांत असतो. तो 27500 दिसला, तर सेकंदाला पावणेतीन कोटी वेळा यांतला एकेक कोपरा निवडला जातोय.

कोणत्या कोपऱ्याला कोणते दोन बिट द्यायचे, हेही महत्त्वाचं आहे. क्रमाने 00, 01, 10, 11 असं गोल फिरत दिलं, तर शेजारच्या कोपऱ्यात घसरल्यावर कधी एक बिट चुकतो, कधी दोन, सरासरी दीड. बेल लॅबच्याच फ्रँक ग्रेच्या नावाने ओळखला जाणारा क्रम 00, 01, 11, 10 असा आहे. त्यात शेजाऱ्याशी फरक नेहमी एकाच बिटचा असतो, आणि नॉईज बहुतेक वेळा शेजारीच ढकलतो, समोरच्या कर्णावर क्वचितच.

आता पावसातलं एक उदाहरण घेऊ. कोपरे (±1, ±1) वर आहेत आणि प्रत्येक अक्षावर नॉईजचं प्रमाण विचलन ०.२५ आहे. बिट चुकायला नॉईजने त्या अक्षावर पूर्ण एकचा धक्का द्यावा लागतो, म्हणजे विचलनाच्या चौपट. असं लाखात साधारण तीनदा होतं. पाऊस वाढून विचलन ०.५ झालं, तर विचलनाच्या दुप्पट धक्काही पुरतो आणि शंभरात सव्वादोन बिट चुकतात. विचलन दुप्पट झालं आणि चुका सातशेपट. पडद्यावर मात्र पुंजका फक्त दुप्पट रुंद झालेला दिसतो, म्हणून नवखा माणूस फसतो.

पावसात सिग्नल क्षीण होतो तर ठिपके मध्याकडे का सरकत नाहीत? कारण रिसीव्हर आलेली लहर आपोआप वाढवून घेतो. कोपरे जागच्या जागी राहतात, आणि सिग्नलबरोबर नॉईजही वाढून पुंजके पसरतात. शिवाय पाऊस स्वतःही छत्रीत थोडा नॉईज ओततो.

या चित्राची एक मर्यादा फार जणांच्या लक्षात येत नाही. त्यात चुका दिसतच नाहीत. 00 म्हणून निघालेला सिम्बॉल ढकलला जाऊन 01 च्या हद्दीत पडला, तर तो तिथल्या खऱ्या सिम्बॉलसारखाच एक ठिपका होतो. पडद्याला मूळ बिट माहीत नसतात. दिसते ती पुंजक्याची रुंदी, आणि चुका त्यावरून अंदाजायच्या. याहून मजेशीर प्रकार म्हणजे फेजची, म्हणजे लहर आवर्तनात कुठे आहे याची, संदिग्धता: चौरस ९० अंशांनी फिरला तरी चित्र तसंच दिसतं, पुंजके अगदी आवळलेले, आणि बिट मात्र चुकीचे. १९५० च्या दशकातल्या कॉलिन्स रेडिओच्या काइनप्लेक्स मोडेमने आणि पुढे टेलिफोन लाइनवरच्या बेल २०१ मोडेमने वेगळी वाट धरली: बिट फेजमध्ये न ठेवता मागच्या सिम्बॉलपासून झालेल्या फेजच्या बदलात ठेवायचे. आपल्या छत्रीवर येणाऱ्या डीव्हीबी-एस या उपग्रह टीव्हीच्या मानकात तसं नाही. तिथे रिसीव्हर चुकादुरुस्तीच्या आणि पॅकेटच्या सुरुवातीच्या ठरलेल्या बाइटच्या आधाराने चौरस कुठल्या बाजूला वळलाय ते ओळखतो.

ती चुकादुरुस्ती भलतीच दणकट आहे. चारांत तीन बिट माहितीचे, या दराला (मीटरवर 3/4) डीव्हीबी-एस च्या मानकात एका बिटच्या ऊर्जेचं नॉईजशी गुणोत्तर ५.५ डेसिबल मागितलं आहे. आपल्या मोजमापात ते विचलन ०.४५ च्या जवळ बसतं, म्हणजे शंभरात एकापेक्षा जास्त बिट चुकून येत असतानाही टीव्हीवर चित्र स्वच्छ. ०.५ ला मात्र चौकोन, आणि थोड्याच वेळात ‘नो सिग्नल’. मधला टप्पा जवळपास नाहीच.

म्हणून मीटरवाला उघडीप असतानाच छत्री अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे हलवून पुंजके जास्तीत जास्त आवळतो. तो आकारही पाहतो. गोल पुंजके म्हणजे साधा नॉईज, म्हणजे पाऊस, चुकलेली दिशा किंवा छत्रीपुढे बसवलेला, लहर पकडणारा एलएनबी थकलेला. मध्याभोवती कमानीसारखे लांबलेले पुंजके म्हणजे एलएनबीचा ऑसिलेटर डळमळतोय, आणि छत्री कितीही फिरवली तरी ते आवळत नाहीत. प्रत्येक कोपऱ्यावर कडं उमटलं, तर एखादी परकी लहर आत शिरली आहे. चार पुंजक्यांऐवजी सलग एक वर्तुळ दिसलं, तर रिसीव्हरला कॅरिअर, म्हणजे बिट वाहून आणणारी मूळ लहरच सापडलेली नाही, आणि तेव्हा छत्रीला हात लावण्याआधी टाकलेली फ्रिक्वेन्सी तपासायची.