स्क्यू-टी आलेख : नाशिकच्या वळवाचा अंदाज

स्क्यू-टी आलेखात फुग्याबरोबर सोडलेल्या रेडिओसोंडने मोजलेले तापमान आणि दवबिंदू उंचीनुसार मांडलेले असतात. उभ्या अक्षावर हवेचा दाब लॉगरिदमी मापात असतो आणि समताप रेषा उजवीकडे कललेल्या असतात. उजवीकडची वेडीवाकडी रेषा तापमानाची, डावीकडची दवबिंदूची.

नाशिकच्या वळवासाठी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्राचा पहाटे साडेपाचचा आलेख पाहिला जातो, पण तो जसाच्या तसा वापरता येत नाही. मुंबई समुद्रसपाटीला आहे, तर नाशिक सुमारे 600 मीटरवर, जिथे दाब 945 हेक्टापास्कलच्या आसपास असतो. म्हणून आलेखाचा तळाचा भाग सोडून द्यायचा आणि त्या पातळीवर नाशिकचे दुपारचे अपेक्षित तापमान व दवबिंदू ठेवायचे.

समजा, एप्रिलच्या दुपारी तापमान 38 अंश आणि दवबिंदू 16 अंश आहे. जमिनीलगतची हवा वर उचलली, की ती कोरड्या रुद्धोष्म रेषेवरून, म्हणजे बाहेरून उष्णता न घेता-देता चढणाऱ्या कोरड्या हवेच्या तापमानाच्या रेषेवरून, किलोमीटरला सुमारे 9.8 अंशांनी निवते. तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर अंश फरकामागे ढगाचा तळ अंदाजे 125 मीटर उंच जातो. फरक 22 अंशांचा, म्हणून तळ जमिनीपासून सुमारे 2750 मीटरवर आणि तिथले तापमान 11 अंश. पुढे बाष्प सांद्रित होताना उष्णता सुटते, म्हणून हवा ओल्या रुद्धोष्म रेषेवरून सावकाश निवते आणि 500 हेक्टापास्कलला साधारण उणे 2 अंशांवर पोचते. तिथे भोवतालची हवा उणे 7 असेल, तर उचललेली हवा 5 अंशांनी गरम, म्हणजे हलकी. ती स्वतःहून वर जात राहील. ती जिथे भोवतालापेक्षा गरम असते, तिथे तिच्या तापमानाची रेषा आणि भोवतालच्या तापमानाची रेषा यांमध्ये सापडणारे क्षेत्रफळ म्हणजे केप, संवहनासाठी उपलब्ध ऊर्जा.

आता फक्त दवबिंदू 10 करा. तीच हवा 500 हेक्टापास्कलला उणे 6 पर्यंत निवते आणि फरक जेमतेम एका अंशावर येतो. चूक बहुधा इथेच होते. सकाळचा दवबिंदू दुपारसाठी धरला, तर केप फुगते, कारण ऊन तापल्यावर वरची कोरडी हवा खाली मिसळून दवबिंदू उतरतो. दुपारच्या नोंदी पाहिल्या की हे लगेच कळते.

केप भरपूर असूनही आकाश कोरे राहू शकते. वरच्या उदाहरणात 700 हेक्टापास्कलला चढती हवा सुमारे 12 अंशांवर येते. तिथे भोवताल 15 अंश असेल, तर ते झाकण ठरते. ते फोडायला जमिनीवर अंदाजे 41 अंश लागतील, किंवा सह्याद्रीच्या उतारांवर अथवा वाऱ्यांच्या संगमावर मिळणारा रेटा. हा रेटा आलेखात दिसत नाही, त्यासाठी उपग्रह आणि रडार पाहावे लागतात.

ढगाचा तळ इतका उंच असला, की खालच्या कोरड्या हवेत पावसाचे बरेच थेंब वाफ होतात. त्यामुळे गार झालेली जड हवा जमिनीवर आदळून पसरते. अशा दिवशी पाऊस चार थेंबांचा पडला, तरी सोसाट्याच्या वाऱ्याने द्राक्षांचे मांडव पडू शकतात.