क्रमिक सहभाग (शालेय खेळांतील)

भिडस्त किंवा स्पर्धेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला आधी खेळाभोवतीचे हलके काम द्यायचे आणि मग ठरवून, पायरीपायरीने प्रत्यक्ष डावात आणायचे, अशी ही शिक्षणपद्धती आहे. मराठीत तिला एकच रूढ नाव नसल्याने या नोंदीत ‘क्रमिक सहभाग’ हा शब्द वापरला आहे. विवेचनासाठी कोल्हापुरातील शाळेच्या मैदानावरचा खो-खो घेतला आहे. या खेळात पायऱ्या पाडण्याची सोय नियमांतच आहे, हे त्याचे कारण.

उगम. या पद्धतीच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मानसोपचाराकडून येणारे अभ्यासक तिचे मूळ मेरी कव्हर जोन्स यांच्या 1924 मधील कामात पाहतात. पीटर नावाच्या लहान मुलाला सशाची भीती वाटे. तो आवडीचे खात असताना ससा दुरून हळूहळू जवळ आणला गेला. सशाला न भिणारी मुलेही काही वेळा त्याच्यासोबत ठेवली जात. शेवटी तो सशाला हात लावू लागला. जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये या विचाराला व्यवस्थित उपचारपद्धतीचे रूप दिले. त्यात भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करायची आणि शरीर सैल सोडण्याच्या सरावासोबत एकेक प्रसंग ओलांडायचा. क्रीडाशिक्षणाचे अभ्यासक मात्र डॅरिल सीडेनटॉप यांच्या ‘स्पोर्ट एज्युकेशन’ या आराखड्याकडे बोट दाखवतात. त्यात प्रत्येक मूल खेळाडू असतेच, शिवाय आलटूनपालटून पंच, गुणलेखक किंवा प्रशिक्षकही होते. तिसरा पक्ष लेव्ह आणि वेंगर यांचा आहे. 1991 मध्ये त्यांनी मांडले की नवखा माणूस कोणत्याही कामात आधी कडेकडेने, पण अधिकृतपणे, सामील होतो आणि तिथूनच शिकत आत सरकतो.

मराठी वाचकाला चौथे मूळ आठवेल, ते म्हणजे गल्लीतल्या खेळातील लिंबूटिंबू, म्हणजेच कच्चं लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण ते बाद झाले तरी धरायचे नाही, हा संकेत कोणत्याही पुस्तकाआधीचा असावा. मात्र त्याला क्रमिक सहभागाचे पूर्ण रूप मानणे कठीण आहे. लिंबूटिंबूचे बाद होणे मोजलेच जात नाही. त्यामुळे ‘मी बाद झालो तर काय होईल’ ही मुलाची धास्ती कधी कसाला लागत नाही. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला हे नाव कौतुकाचे वाटले, तरी बारा वर्षांच्या मुलाला ते वर्गापुढे लागलेले बिरुद वाटते. म्हणून पद्धतीचा ढाचा उपचारशास्त्रातून आला आणि ती शाळेत रुजली ती भूमिकांच्या आधारे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भूमिका खरी हवी. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक लागतो. ही कामे कोणाला सांभाळून घेण्यासाठी काढलेली नाहीत. ती झाली नाहीत तर सामनाच होत नाही, आणि मुलांना हे पक्के कळते. ‘तू नुसती बस, बघ’ असे सांगितलेली मुलगी आणि गुणपत्रक हातात घेऊन बसलेली मुलगी एकाच बाकावर असल्या, तरी वर्ग त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. सामन्याआधी फक्की मारणे हेही असेच काम आहे. रेषा वाकडी गेली तर पुन्हा मारता येते, आणि त्या वेळी मैदानाभोवती फारसे कोणी नसते.

खो-खोतील पायऱ्या. आक्रमण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण मधल्या पाटीवरच्या चौकांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा खेळाडू पळणाऱ्यांच्या मागे असतो. बसलेल्याला पाठीमागून हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हटले की त्याने उठायचे. त्याआधी उठणे नियमबाह्य. घाबरणाऱ्या मुलाला जाच होतो तो इथेच, कारण खो केव्हा येईल ते ठाऊक नसते आणि तो मागून येतो. उठायला क्षणभर उशीर झाला तरी साऱ्या मैदानाला दिसतो. पण याच रचनेत एक सोयही आहे. उठलेल्या खेळाडूच्या शेजारच्या चौकातली मुलगी त्याच्याकडे पाठ करूनच बसलेली असते. त्यामुळे दोन पावले टाकून तिला लगेच खो देता येतो. हे नियमाला धरून आहे, आणि चांगले संघ डावपेच म्हणून नेमके हेच करतात. म्हणजे चार-पाच सेकंदांचा सहभागही अस्सल खेळच असतो.

पळतीची बाजू याहून अवघड. तीन-तीनच्या तुकडीतले दोघे बाद झाले की उरलेल्या एकटीवर सगळ्यांचे डोळे खिळतात. म्हणून पळती नेहमी आक्रमणानंतरची पायरी ठेवावी.

एक उदाहरण. नोंदलेखकाच्या पाहण्यातील सातवीची एक मुलगी पी.टी.च्या दिवशी पोट दुखते म्हणून वर्गातच थांबे. तिने सरांना एकच विनंती केली होती, “मला खो देऊ नका, एवढंच करा.” सरांनी समजूत घालण्याऐवजी खो मिळाला तर नेमके काय होईल ते तिच्याकडून लिहून घेतले. तिने तीन गोष्टी लिहिल्या. मी उशिरा उठेन, मुली हसतील आणि परत मला कोणी टीममध्ये घेणार नाही. शून्य ते दहा या मापावर भीतीचा आकडा तिने आठ सांगितला.

पहिल्या आठवड्यात ती एका मैत्रिणीसोबत फक्की मारायला आली. दुसऱ्या आठवड्यात वेळाधिकारी होऊन हातात घड्याळ घेऊन सरांशेजारी उभी राहिली. तिसऱ्यात गुणलेखक झाली. इथे पहिल्यांदा आवाज काढावा लागला, कारण बाद झालेलीचा क्रमांक कळला नाही तर “कितवी?” असे ओरडून विचारावे लागते. पहिल्या दिवशी तिने ते मैत्रिणीकरवी विचारले. चौथ्या दिवशी स्वतः विचारले. तोवर बसून खो घेण्याच्या भीतीचा आकडा सहावर आला होता.

याच ठिकाणी पद्धत बहुधा फसते. मुलगी गुण छान लिहू लागली, अक्षर सुरेख, चूक नाही, म्हणून शिक्षक ते काम तिलाच देत राहतात. तिलाही तेच हवे असते. पण भीतीपासून दूर राहिल्याने मिळणारा तात्काळ आराम भीतीला पोसतो. गुणपत्रक मग पायरी न राहता आडोसा होते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मूल ते काम स्वतः मागून घेते, त्या कामाची भीती एक-दोनवर आलेली असते, पण पुढच्या पायरीचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून कोणतीही भूमिका देतानाच तिची मुदत सांगावी, उदाहरणार्थ “चार तास तू लिहायचं, पाचव्याला चौकात बसायचं.”

पाचव्या आठवड्यात ती चौकात बसली, तेही मधल्या सुट्टीतल्या पाच मिनिटांच्या डावात. दोन्ही बाजूंना ओळखीच्या मुली होत्या आणि उठून लगेच शेजारणीला खो द्यायचा, एवढेच ठरले होते. पहिला खो आला तेव्हा ती खरोखर उशिरा उठली. मागून “अगं, ऊठ की!” अशी हाक आली आणि दोघी हसल्यासुद्धा. पण त्याच डावात तिला पुन्हा दोनदा खो मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी टीम पाडताना तिचे नाव आपोआप घेतले गेले. लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी दोन घडल्या, तिसरी घडली नाही. सरांनी तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

काय बदलते, याविषयी. वोल्पे यांच्या मते शांत अवस्था भीतीला मागे सारते. पुढच्या अनेकांनी भर दिला तो भीती प्रत्यक्ष ओसरण्यावर. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अलीकडची मांडणी वेगळी आहे. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवे शिकणे उभे राहते, आणि अपेक्षित अनर्थ घडला नाही की ते शिकणे पक्के होते. वरच्या उदाहरणाला ही मांडणी अधिक लागू पडते. चौकात बसताना मुलीचे हात थरथरतच होते, तरीही पायरी चढली गेली. व्यवहारात यातून दोन गोष्टी निघतात. भीती पूर्ण जाण्याची वाट पाहत एकाच पायरीवर थांबू नये. आणि प्रसंग थोडे बदलत ठेवावेत. शेजारणी बदलाव्यात, चौक बदलावा, नाहीतर धीर त्याच दोन मैत्रिणींपुरता उरतो.

त्या मुलीला पुढे खांबापर्यंत पाठलाग करायला तीन आठवडे लागले. पळतीत तिला आधी तिसऱ्या तुकडीत ठेवले. वेळ संपेपर्यंत त्या तुकडीची पाळी येतेच असे नाही. सलग दोन डाव पाळी आली नाही तेव्हा सरांनी तिला दुसऱ्या तुकडीत घेतले, कारण तिसरी तुकडी ही नवी लपायची जागा होऊ लागली होती.

कोल्हापुरातील परिस्थिती. ‘ईर्षा’ हा शब्द इथे मैदानावर अभिमानाने वापरला जातो. फुटबॉलचे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने उतरतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्यामागे पेठच्या पेठ लोटते. या वातावरणात वाढलेल्या मुलाला हरणे हे एकट्याचे हरणे वाटत नाही. वर्गातल्या डावातही कोण कुठल्या तालमीचा, हे निघतेच. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांवर टीम पाडताना दोन कॅप्टननी आळीपाळीने नावे उचलण्याची रीत टाळावी, कारण त्यात शेवटी उरणारे मूल ठरलेले असते. हजेरीच्या क्रमांकाने किंवा चिठ्ठ्या टाकून टीम पाडावी. जुलै-ऑगस्टच्या पावसात मैदान चिखलाचे असते. त्या दिवसांत वर्‍हांड्यात बसून खो घेण्याचा आणि मोठ्याने ‘खो’ म्हणण्याचा सराव होतो. आवाज न फुटणे हीच ज्यांची मुख्य अडचण, त्यांना तो विशेष उपयोगी पडतो. फुटबॉलमध्ये लाइनवर झेंडा धरणे आणि बाहेर गेलेला चेंडू आणून देणे या भूमिका मिळतात. कुस्तीत मात्र कडेच्या भूमिका थोड्या आहेत.

मर्यादा. भीती खरी असेल तर ही पद्धत लावू नये. वर्गातली दोन-तीन मुले एखाद्याला ठरवून छळत असतील, तर त्याला पायरीपायरीने त्यांच्यापुढे नेणे म्हणजे छळ वाढवणे. आधी छळ थांबवावा लागतो. घरी बोलणारे पण शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही न बोलणारे मूल, किंवा खेळाच्या तासाच्या भीतीने शाळाच बुडवू लागलेले मूल, समुपदेशकाकडे पाठवावे. आणि ज्याला धास्ती मुळीच नाही, फक्त खो-खो आवडत नाही, त्याच्या भीतीचा आकडा पहिल्याच दिवशी एक किंवा दोन येतो. अशा मुलाला शिडीवर चढवू नये, दुसरा खेळ द्यावा.